रॅन्समवेअर: शॅडो कॉपी पुसली जाते त्या क्षणाची तयारी

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: एकदा फाइलींना कुलूप लागलं की किल्ली तुमच्या मशीनवर सापडेल ही आशा फारशी नसते. रॅन्समवेअर प्रत्येक फाइलसाठी नवी सिमेट्रिक की बनवतं, बहुधा एईएसची, कारण मोठा डेटा त्याने झपाट्याने उरकतो. मग ती छोटी की हल्लेखोराच्या आरएसए पब्लिक कीने बंद करून फाइलीलाच जोडली जाते. उघडणारी प्रायव्हेट की बहुतेकदा तुमच्याकडे कधी आलेलीच नसते. म्हणून तयारीचा सगळा भर कुलूप लागण्याआधीच्या मिनिटांवर हवा.

त्या मिनिटांत विंडोजवर बहुतेकदा ही कमांड चालते:

```
vssadmin delete shadows /all /quiet
```

शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने जपलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, तिने पुसल्या जातात आणि त्या परत मिळवण्याची सोपी वाट बंद होते. ती लॉगमध्ये दिसावी म्हणून प्रोसेस क्रिएशनचं ऑडिट सुरू करा, म्हणजे `4688` इव्हेंट येऊ लागतील. पण इथेच बरेच जण फसतात: इव्हेंटमध्ये पूर्ण कमांड लाइन यावी यासाठी ग्रुप पॉलिसीत वेगळी सेटिंग आहे. ती बंद असेल तर vssadmin चालली एवढंच कळेल, काय करायला चालली ते नाही. लॉग लगेच दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा. मूळ मशीनवरचे पुसले जाऊ शकतात.

समजा रात्री २ वाजून १० मिनिटांनी फाइल सर्व्हरवर ही कमांड दिसली. आधी पॅरेंट प्रोसेस पाहा. बॅकअपचं सॉफ्टवेअरही शॅडो कॉपी पुसतं, पण ते ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या खात्यातून. इथे पॅरेंट टेम्प फोल्डरमधली अनोळखी एक्झी आहे आणि पाठोपाठ विंडोजची दुरुस्तीची सोय बंद करणारी `bcdedit /set recoveryenabled no` आली, तर शंकेला जागा नाही. खात्री करत बसू नका, सर्व्हर नेटवर्कपासून तोडा. हा निर्णय रात्रपाळीतल्या माणसाने कुणालाही न विचारता घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवा.

मशीन मात्र बंद करू नका; आधी मेमरीची प्रत घ्या. २०१७ चं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आरएसए की मशीनवरच बनवायचं, त्यामुळे विंडोज एक्सपीच्या रीबूट न झालेल्या काही मशीनवर त्या कीच्या मूळ संख्या मेमरीत उरल्या होत्या आणि त्यातून फाइली सुटल्या. असं नशीब क्वचितच लाभतं, पण रीबूट केलंत तर तेही गेलं.

शॅडो कॉपी विंडोजच्या डब्ल्यूएमआय या व्यवस्थापनाच्या सोयीतून थेटही पुसता येतात, तेव्हा vssadmin दिसणारच नाही. म्हणून दर तासाला `vssadmin list shadows` चालवून त्यांची संख्या नोंदवा. अचानक शून्य झाली तर अलर्ट. जोडीला प्रत्येक शेअरमध्ये नावाने सगळ्यात वर येणारी एक आमिषाची फाइल ठेवा. तिला कुणी हात लावायचं कारण नसतं, त्यामुळे ती बदलली की अलर्ट. फोल्डर उलट्या क्रमाने चाळणाऱ्या रॅन्समवेअरसाठी शेवटी येईल अशी दुसरीही असू द्या.

बॅकअपची एक प्रत डोमेनच्या कुठल्याही खात्याने पुसता येणार नाही अशा जागी हवी, आणि तिच्यातून एक पूर्ण सर्व्हर परत उभा करून किती तास लागले ते लिहून ठेवलेलं हवं.