जीएसटी नोंदणी रखडली? तक्रारपत्रात आधी तारखा मांडा

गेली काही वर्षे मी लहान व्यापाऱ्यांचे जीएसटी नोंदणीचे अर्ज भरून देतो. रखडलेल्या नोंदणीसाठी लोकांनी लिहिलेली तक्रारपत्रेही माझ्याकडे येतात. बहुतेक पत्रांत दीड पान व्यथा असते आणि एआरएन, म्हणजे अर्जाचा संदर्भ क्रमांक, शेवटच्या ओळीत, तोही एक आकडा चुकलेला. अशी पत्रे एका ओळीचे उत्तर देऊन बंद होतात. ‘कडक भाषेत लिहा, सगळ्या वरिष्ठांना प्रत पाठवा’ हा सल्ला मी शेकडो वेळा ऐकला आहे. त्याने फाइल हलताना मी पाहिलेली नाही. मुदत नेमकी कोणत्या दिवशी संपली हे पत्रात सिद्ध झाले, तरच फाइल हलते.

सुरुवातीची तयारी तुम्हाला ठाऊकच असेल: अर्जाची पोच, जागेचा पुरावा, पॅन, पोर्टलवरच्या स्थितीचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटवर तारीख दिसली पाहिजे, एवढेच.

मुदत मोजणे

खरी अडचण इथे आहे आणि मी स्वतः इथेच आपटलो आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतला नियम ९ असे सांगतो: आधार पडताळणी झालेल्या अर्जावर अधिकाऱ्याने ७ कामकाजाच्या दिवसांत निर्णय घ्यायचा. आधार पडताळणी केली नसेल, ती फसली असेल किंवा जागेची प्रत्यक्ष तपासणी ठरली असेल, तर ३० दिवस. (१ नोव्हेंबर २०२५ पासून प्रणालीने निवडलेल्या काही अर्जांना ३ कामकाजाच्या दिवसांत नोंदणी मिळते. ते अर्ज सहसा रखडतच नाहीत.) लोक हे ७ दिवस फॉर्म भरल्याच्या दिवसापासून मोजतात. तिथेच पहिली चूक होते. पोच, म्हणजेच एआरएन, आधार पडताळणी पूर्ण झाल्यावरच तयार होते. बायोमेट्रिकसाठी बोलावले असेल तर तेही उरकावे लागते. म्हणून ‘मी तर महिन्याभरापूर्वी फॉर्म भरला’ या वाक्याला किंमत नाही. पोचेवर छापलेली तारीख धरा.

दुसरी चूक जास्त महाग पडते. अर्जात काही अपुरे वाटले तर अधिकारी REG-03 ही नोटीस काढतो. तिला ७ कामकाजाच्या दिवसांत REG-04 मध्ये उत्तर द्यायचे असते. उत्तर पोहोचले की अधिकाऱ्याला नव्याने ७ कामकाजाचे दिवस मिळतात. म्हणजे वेळेत नोटीस निघाली असेल तर जुनी मोजणी संपते आणि नवी मोजणी तुमच्या उत्तराच्या तारखेपासून सुरू होते. एका किराणा व्यापाऱ्यासाठी मी पत्र लिहिले तेव्हा पहिल्या पोचेपासून मोजून ‘चाळीस दिवस झाले’ असे ठणकावून सांगितले होते. उत्तर आले, ‘नोटिशीला मिळालेल्या उत्तराची छाननी सुरू आहे’, आणि तक्रार बंद. उशीर खरोखरच झाला होता, पण मी सांगितलेला उशीर चुकीचा होता, म्हणून त्यांना उत्तर देणे सोपे गेले. पुन्हा तक्रार करून नीट मोजणी मांडेपर्यंत त्या माणसाचे आणखी तीन आठवडे गेले.

म्हणून पत्राआधी पोर्टलवर Services > Registration > Track Application Status इथे जाऊन स्थिती शब्दशः वाचा. Pending for Processing असेल तर पोचेच्या तारखेपासून मोजा. Clarification filed-Pending for Order असेल तर उत्तराच्या तारखेपासून मोजा. आणि Pending for Clarification दिसत असेल तर पत्र लिहूच नका. चेंडू तुमच्याकडे आहे. नोटीस ईमेलच्या कचऱ्यात पडलेली असते, माणूस अधिकाऱ्याला दोष देत बसतो आणि उत्तर न दिल्याबद्दल अर्ज फेटाळला जातो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता कोणी तक्रार घेऊन आले की आधी नोटीस शोधतो.

एक मोजणी करून दाखवतो. पोच बुधवार, ४ जून २०२५ ची. नोटीस ११ जूनला निघाली, म्हणजे ७ दिवसांच्या आत. उत्तर सोमवारी, १६ जूनला दाखल. आता १७, १८, १९, २०, मग शनिवार-रविवार सोडून २३, २४, २५. मुदत २५ जूनला संपली. मोजणीत सरकारी सुटी आली तर तोही दिवस वगळा. पत्र १४ जुलैला लिहिले तर उशीर १९ दिवसांचा. ‘दीड महिना’ नाही, १९ दिवस. लहान दिसणारा आकडा लिहायला लोकांचा हात धजत नाही, पण तो खोडता येत नाही, म्हणूनच तो कामाचा.

नियम ९(५) इथे उपयोगी पडतो: मुदतीत काहीच कारवाई झाली नाही तर अर्ज मंजूर झाला असे मानले जाते. नियम १०(५) नुसार त्यानंतर ३ दिवसांत प्रमाणपत्र उपलब्ध व्हायला हवे. दोन्ही नियम पत्रात एकेका वाक्यात लिहा. पण या मानीव मंजुरीच्या भरवशावर बिलात कर लावू नका. जीएसटी क्रमांक हातात नसताना ग्राहकाकडून कर घेतला तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३२ चा भंग होतो आणि तक्रारदार स्वतःच अडचणीत येतो.

पत्र कोणाकडे

अर्ज भरताना तुम्ही राज्याचे आणि केंद्राचे, दोन्ही कार्यक्षेत्र भरता. पण अर्ज तपासणारे कार्यालय त्यांतले एकच असते. नोटीस आली असेल तर तिच्याखाली अधिकाऱ्याचे पदनाम आणि कार्यालय छापलेले असते, तेच खरे. अर्ज केंद्राकडे असेल तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या २ मे २०२५ च्या सूचनेनुसार (क्रमांक ०४/२०२५) प्रत्येक विभागाच्या मुख्य आयुक्तांनी नोंदणीच्या तक्रारींसाठी ईमेल पत्ता जाहीर करायचा आहे. तो विभागाच्या संकेतस्थळावर शोधा. अर्ज राज्याकडे असेल तर राज्य जीएसटी विभागाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. चुकीच्या दारात गेलेले पत्र पुढे पाठवले जाते, पण त्या प्रवासात दिवस जातात. जीएसटी पोर्टलचे तक्रार तिकीट मात्र तांत्रिक बिघाडासाठी आहे. अधिकाऱ्याच्या टेबलावर थांबलेला अर्ज त्याने हलत नाही.

पत्राचा मजकूर

एक पान, त्याहून जास्त नको. विषयाच्या ओळीतच एआरएन टाका, कारण तक्रार अधिकारी आधी तोच प्रणालीत टाकून बघतो. आकडा हाताने टंकू नका, पोचेवरून उचलून चिकटवा. वरच्या उदाहरणाचे पत्र मराठीत असे होईल. केंद्राच्या कार्यालयाला हेच हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवा.

> विषय: एआरएन (पूर्ण क्रमांक): जीएसटी नोंदणीचा अर्ज मुदतीनंतरही प्रलंबित असल्याबाबत
>
> महोदय/महोदया,
>
> माझ्या नोंदणी अर्जाचा तपशील असा:
> पोचेची तारीख: ४ जून २०२५ (आधार पडताळणी पूर्ण)
> REG-03 नोटीस: ११ जून २०२५
> REG-04 उत्तर: १६ जून २०२५
> नियम ९(३) प्रमाणे निर्णयाची शेवटची तारीख: २५ जून २०२५
> आजची स्थिती: Clarification filed-Pending for Order
> अर्ज ज्या कार्यालयाकडे आहे: केंद्र, (रेंजचे नाव)
>
> २५ जूननंतर १९ दिवस उलटले आहेत. या काळात दुसरी नोटीस किंवा नकाराचा आदेश मिळालेला नाही. नियम ९(५) नुसार अर्ज मंजूर मानला जातो आणि नियम १०(५) नुसार प्रमाणपत्र ३ दिवसांत मिळणे अपेक्षित आहे.
>
> नोंदणी क्रमांक नसल्याने एका ग्राहकाने मालाची मागणी थांबवून ठेवली आहे. त्याचे पत्र सोबत जोडले आहे.
>
> विनंती: प्रमाणपत्र द्यावे. ते शक्य नसल्यास कोणत्या कारणाने थांबले आहे ते लेखी कळवावे.
>
> सोबत: पोच, नोटीस, उत्तराची पोच, स्थितीचा स्क्रीनशॉट, ग्राहकाचे पत्र.

शेवटच्या विनंतीतले दुसरे वाक्य गाळू नका. नुसते ‘प्रमाणपत्र द्या’ लिहिले तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढे उत्तर पुरते. कारण लेखी मागितले की कोणीतरी फाइल उघडून ते शोधावे लागते, आणि बऱ्याचदा फाइल उघडली की तिथे काहीच कारण सापडत नाही.

नुकसानीचे एकच उदाहरण द्या, कागदासह. घराची परिस्थिती, कर्जाचे हप्ते, मुलांची फी हे सगळे खरे असते, मला ते कळते, पण वाचणाऱ्याला त्यावर आदेश काढता येत नाही. अधिकाऱ्याने पैसे मागितले असा संशय असेल तर तो या पत्रात अजिबात मिसळू नका. ती वेगळी, दक्षता विभागाकडची तक्रार आहे. इथे लिहिली की सगळे लक्ष तिकडे जाते आणि अर्ज तसाच पडून राहतो.

नोटीसच अवाजवी होती असे वाटत असेल तर ते एका परिच्छेदात सांगा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची १७ एप्रिल २०२५ ची सूचना क्रमांक ०३/२०२५ इथे कामाला येते. स्वतःच्या मालकीच्या जागेसाठी मालमत्ता कराची पावती, पालिकेचा खाते उतारा किंवा वीजबिल यांतला एक कागद पुरेसा आहे, असे तीत म्हटले आहे. ‘तुम्ही राहता एका शहरात आणि धंदा दुसरीकडे का’ अशा तर्कावर आधारलेल्या शंका काढू नयेत, असेही आहे. वीजबिल दिले असताना पुन्हा कर पावती मागितली असेल, तर सूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहून तेवढेच दाखवा. ‘छळ’, ‘मनमानी’ हे शब्द नकोत.

पाठवल्यावर

ईमेल पाठवा, त्याची प्रत जपून ठेवा आणि तक्रार क्रमांक आला तर टिपून घ्या. दोन आठवड्यांत काहीच हालचाल नसेल तर केंद्राच्या अर्जासाठी केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तेच पत्र, आधीच्या ईमेलची प्रत जोडून टाका. तिथे तक्रार साधारण २१ दिवसांत निकाली काढण्याचे केंद्राचे धोरण आहे. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत त्याच पोर्टलवर अपील करता येते. मजकूर नव्याने लिहू नका. तारखा दोन पत्रांत वेगळ्या पडल्या तर दोन्ही पत्रे कमकुवत होतात.

तक्रारीनंतर कधी कधी थेट REG-05, म्हणजे नकाराचा आदेश येतो. मग आदेश योग्य की अयोग्य यावर तक्रार अधिकारी काही करू शकत नाही. आदेशातले कारण कागदाची उणीव असेल तर ती भरून नवा अर्ज करणे बहुधा लवकर पडते. कारणच चुकीचे असेल तर कलम १०७ खाली, आदेश मिळाल्यापासून ३ महिन्यांत अपील करा आणि त्यात वरच्या तारखांचा तक्ता जसाच्या तसा वापरा.