अगदी लहान न्हाणीघरातली कचरापेटी आणि पेपर होल्डर: या चुका टाळा

फोंडा, म्हापसा, मडगावच्या जुन्या इमारतींमध्ये तीन फूट रुंद आणि पाच फूट लांब असं न्हाणीघर सर्रास दिसतं. कमोड त्यातच आणि बादलीने आंघोळही तिथेच. चिऱ्याच्या जुन्या घरात नंतर काढलेली संडास-बाथरूमही बहुधा एवढीच असते. अशा ठिकाणी झाकणाची कचरापेटी कुठे ठेवायची, वापरलेलं पॅड कसं टाकायचं आणि टॉयलेट पेपरचा होल्डर कुठे ठोकायचा, हे प्रश्न सुटे सुटे सोडवले की तिन्ही बिघडतात. कारण तिघांनाही हवी असते ती कमोडच्या बाजूची तीच वीतभर जागा.

फोंड्यातल्या एका भाड्याच्या फ्लॅटचं उदाहरण घेते. न्हाणीघर 92 सेंटिमीटर रुंद, 152 लांब. दार अरुंद भिंतीत आणि आत उघडणारं. समोरच्या भिंतीला कमोड, त्याची रुंदी 36, म्हणजे दोन्ही बाजूंना 28-28 सेंटिमीटर उरतात. कमोड भिंतीपासून 68 सेंटिमीटर पुढे येतो. उरलेल्या 84 सेंटिमीटरमध्ये बादली, आंघोळ आणि दाराचा पल्ला. उजव्या बाजूला जेट. घरात आई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आजी.

होल्डर घर घेतानाच डावीकडच्या भिंतीवर, टाकीजवळ लावलेला होता. पेटी दाराच्या मागे ठेवलेली. दार पूर्ण उघडत नसे, म्हणून पेटी पुढे सरकायची. पुढे आली की आंघोळीचं पाणी तिच्यावर पडायचं. शेवटी ती बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. पॅड गुंडाळून हातात धरून, हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांसमोरून चालत जाणं कुठल्याही मुलीला नको असतं. मग ते खिडकीच्या कट्ट्यावर राहतं, नाहीतर कमोडमध्ये जातं. म्हणून मी आधी पेटीची जागा ठरवते, होल्डर त्यानंतर. होल्डर भिंतीवर थोडा इकडे-तिकडे हलवता येतो. पेटीला मात्र जमीन लागते, पायाला वाट लागते आणि झाकण उघडायला डोक्यावर मोकळी जागा लागते.

पेटी कोपऱ्यात मागे ढकलणं

पाच लिटरची पायाने उघडणारी गोल पेटी साधारण 20 सेंटिमीटर रुंद आणि 28 उंच असते, त्यामुळे डावीकडच्या 28 सेंटिमीटरमध्ये ती बसते. बहुतेक लोक ती मागच्या भिंतीला टेकवून ठेवतात आणि चूक तिथेच होते. झाकण मागे उघडतं, भिंतीवर आपटतं, अर्धंच उघडतं आणि पाय काढला की धाडकन बंद होतं. शिवाय बसलेल्या माणसाचा पाय तिथवर पोचत नाही. मग झाकण हाताने उचललं जातं आणि पायाने उघडणारी पेटी घेण्याचा फायदाच उरत नाही.

या घरात पेटी मागच्या भिंतीपासून साधारण 30 सेंटिमीटर पुढे आणली. आता झाकण मागे मोकळं उघडतं, पेडल कमोडच्या पुढच्या कडेच्या जरा अलीकडे येतं आणि बसल्या जागी डाव्या टाचेने दाबता येतं. आजींना टाचेने जमत नव्हतं, त्या उठल्यावर पायाच्या चवड्याने दाबतात. कुणाचे गुडघे आखडलेले असतील तर पेडलचा आग्रह धरू नका. झाकणाला मोठी मूठ असलेली साधी पेटी चालेल, फक्त मूठ रोज पुसावी लागते. ढकलून फिरणाऱ्या झाकणाची पेटी मात्र घेऊच नका. पुडी आत ढकलताना ती झाकणाला घासते आणि पुढच्या माणसाचा हात नेमका तिथेच लागतो.

पेटी घेताना आतली बादली बाहेर काढून पाहा. बाहेरचं कवच आणि आतली बादली यांच्यामध्ये बोटभर जागा असते. आंघोळीचं पाणी पेडलच्या फटीतून आत शिरून तिथे साचतं. वरून पेटी कोरडी दिसते, पण बादली उचलली की तळाशी पाणी असतं, आणि पावसाळ्यात कधीकधी त्यात वळवळणाऱ्या अळ्याही दिसतात. डेंग्यूचे डास अशाच थोड्याशा साठलेल्या पाण्यात वाढतात. पेटी दोन इंच उंच प्लास्टिकच्या जाळीवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा कवच पालथं करून कोरडं करा. लोखंडी दांड्याचं पेडल आपल्या खाऱ्या, दमट हवेत लवकर गंजतं आणि फरशीवर तांबडा डाग पाडतं. न्हाणीघरात संपूर्ण प्लास्टिकचीच पेटी बरी.

वास आला की फिनेल ओतणं

झाकणाच्या पेटीतला वास झाकण सैल असल्यामुळे येतो असं वाटतं. तो खरं तर ओल्या वस्तू बंद जागेत दोन-तीन दिवस राहिल्यामुळे येतो. फिनेल किंवा सुगंधी गोळ्या टाकून तो फक्त काही तास दबतो. ब्लीच ओतणं त्याहून वाईट, आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर व ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. एवढ्याशा, खिडकी बंद असलेल्या खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

उपाय पुडी बांधण्यात आहे. पॅड वापरलेली बाजू आत ठेवून घट्ट गुंडाळायचं, नव्या पॅडच्या वेष्टनात घालायचं, त्याच पॅडच्या चिकट पट्टीने बंद करायचं, आणि वर वर्तमानपत्राचा अर्धा कागद. कागद ओल शोषतो. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर ओल आतच राहते आणि पिशवी उघडली की वास एकदम बाहेर येतो. विघटन होणारी पातळ पिशवी पेटीला लावत असाल तर ती रोज बदला, दमट न्हाणीघरात तिचा तळ लवकर नरम पडून फाटतो. कागदाचे कापलेले तुकडे पेटीजवळ, हाताशी ठेवा. लांब ठेवले तर घाईत कुणी घेणार नाही.

पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यातल्या कचरावेचक महिलांच्या आग्रहातून पुढे आली. उघड्या पॅडमध्ये हात घालावा लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुडी नीट बांधून द्यावी हे 2016 च्या घनकचरा नियमांतही होतं. एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत तर सॅनिटरी कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा धरला आहे. डायपर आणि आजींचे पॅडही त्यातच येतात.

पेटी एक दिवसाआड रिकामी झालीच पाहिजे. गावाकडे बऱ्याच पंचायतींत असा कचरा रोज उचलत नाहीत. अशा वेळी बाहेर सावलीत, कुत्र्यांना उघडता येणार नाही अशी घट्ट झाकणाची दुसरी बादली ठेवा आणि पुड्या तिच्यात साठवा. जुन्या घरांत अजून न्हाणीची चूल पेटते, आणि पुडी पाणी तापवायच्या भाणाखालच्या विस्तवात टाकण्याची सवय आहे. आजच्या पॅडमध्ये प्लास्टिकचे थर आणि पाणी शोषणारी रासायनिक पावडर असते, तिचा धूर थेट घरात येतो. परसात पुरलं तरी ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

फ्लश केलं आणि गेलं असं समजणं

पॅड कमोडमधून खाली गेलं तरी बाहेर गेलेलं नसतं. ते पाणी शोषून फुगतं आणि पाइपच्या वळणात किंवा सेप्टिक टँकच्या तोंडाशी अडकतं. नुसत्या कमोडचं पाणी वर येऊन हळूहळू उतरत असेल आणि मोरी नीट वाहत असेल, तर अडथळा कमोडच्याच वळणात आहे. फ्लश केल्यावर मोरीच्या जाळीतून बुडबुडे येत असतील तर तो पुढच्या लाइनमध्ये आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मोरी, बेसिन, कमोड सगळंच मंदावलं तर प्लंबरला आधी शोषखड्डा पाहायला सांगा. जमिनीतलं पाणी वर आल्यावर खड्डा पाणी घेत नाही, तेव्हा लाइन कितीही साफ केली तरी उपयोग नसतो.

टॉयलेट पेपर मात्र कमोडमध्ये थोडा-थोडा टाकायला हरकत नाही, तो खरंच टॉयलेट पेपर असेल तर. ग्लासभर पाण्यात तुकडा टाकून ढवळा. त्याचा लगदा झाला तर ठीक. किचन रोल, फेस टिश्यू आणि ओले वाइप्स तसेच राहतात, त्यांची जागा पेटीत. पाइप जुना असून वारंवार तुंबत असेल तर मात्र सगळाच कागद पेटीत टाका आणि पेटी रोज रिकामी करा.

होल्डर टाकीजवळ किंवा जेटच्या बाजूला

होल्डर जमिनीपासून 65-70 सेंटिमीटरवर, कमोडच्या पुढच्या कडेपासून वीतभर पुढे, हे माप सुक्या बाथरूमसाठी ठीक आहे. आपल्याकडे नेमकी तीच आंघोळीची जागा. म्हणून आधी भिंतीवर वर्तमानपत्राचा उभा पट्टा चिकटपट्टीने लावा आणि नेहमीसारखी आंघोळ करा. कागद कुठवर ओला झाला ते लगेच दिसतं. फोंड्याच्या घरात कमोडच्या पुढे तो छातीपर्यंत भिजला, पण कमोडच्या पुढच्या कडेला समांतर जागेत 75 सेंटिमीटरच्या वर फक्त चार थेंब होते. होल्डर तिथेच, 80 सेंटिमीटरवर, वरून झडप असलेला लावला. पेटीचं झाकण उघडल्यावर जाळीसकट साधारण 53 सेंटिमीटरपर्यंत जातं, त्यामुळे दोघांची टक्कर होत नाही.

भिंत डावी निवडली त्याला कारण आहे. जेट उजव्या हातात असतो, धुणारा हात डावा. जेट अडकवल्यावर कोरडा राहिलेला उजवा हात समोरून डाव्या भिंतीपर्यंत सहज पोचतो. होल्डर मागे टाकीजवळ असला की अंग वळवावं लागतं आणि मग जवळचा म्हणून ओला डावा हातच रोलला लागतो. जेटच्याच बाजूला लावला तर गळणाऱ्या तोंडाचं पाणी रोलवर पडतं.

भोक पाडण्यापूर्वी टाकीचा आणि जेटचा कॉक कुठे आहे ते पाहा. त्यांच्या सरळ वर-खाली आणि त्याच आडव्या रेषेत भिंतीत पाइप असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, तिथे ड्रिल लावू नका. चिऱ्याची भिंत भुसभुशीत असते, छोटा प्लग फिरत राहतो. लांब प्लग घ्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. चिकटवायचा होल्डर गुळगुळीत टाइलवरच टिकतो, तोही लावल्यावर दिवसभर आंघोळ दुसरीकडे केली तर. होल्डर चांगल्या स्टीलचा घेऊन सोबत आलेले साधे स्क्रू वापरले तर काही महिन्यांत स्क्रूखाली तपकिरी ओघळ दिसतो, तेव्हा स्क्रूही स्टेनलेसचेच मागा. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोल न भिजताही हवेनेच लिबलिबीत होतो, म्हणून त्या दिवसांत आत लहान रोल लावा आणि बाकीचे कपाटात ठेवा.