इंटरव्ह्यूचे स्लॉट ऑफिसच्या वेळेत आले? दुसरी वेळ मागताना या चुका टाळा

मी पुण्यात काही वर्षं रिक्रुटमेंट को-ऑर्डिनेशन केलंय, म्हणजे कॅंडिडेट आणि पॅनेल यांच्या वेळा जुळवणारी मीच. त्यामुळे दुसरी वेळ मागणारे मेल मी भरपूर वाचलेत, आणि वेळ मागितली म्हणून कोणाला कधी नाकारलेलं मला आठवत नाही. गाडी अडकायची ती मागायच्या पद्धतीत.

परवा माझ्या मावसबहिणीचंच झालं. ती वाकडला राहते, ऑफिस हिंजवडी फेज टू, वेळ 10 ते 7, सव्वादहाला स्टँडअप, शुक्रवारी घरून काम. खराडीच्या एका कंपनीच्या एचआरने मेल केला की पहिला राउंड व्हिडिओवर, 45 मिनिटांचा, मंगळवार 9 ला साडेअकरा, बुधवार 10 ला तीन किंवा गुरुवार 11 ला साडेचार, यातलं काय चालेल. तिन्ही वेळा कामाच्या. तिने जे उत्तर टाइप केलं होतं ते पाठवायच्या आधी मला दाखवलं म्हणून बरं झालं. त्यात होतं, "या वेळांना ऑफिस असतं, संध्याकाळी सातनंतर कधीही चालेल."

पहिली चूक हीच, "सातनंतर कधीही"

लिहिणाऱ्याला वाटतं आपण किती मोकळीक दिली, पण एचआरच्या हातात काहीच पडत नाही. तिला पॅनेलमधल्या दोन माणसांची कॅलेंडरं उघडून एक मोकळा तास शोधायचा असतो आणि ती माणसं सातला स्वतः घरी निघालेली असतात. मग ती "चेक करून सांगते" लिहिते आणि दोन दिवस शांतता. असं झालं की समजायचं, तुमच्या उत्तरातून तिला पॅनेलसमोर ठेवायला नेमकी वेळ मिळालेली नाहीये.

तीन नेमक्या वेळा द्या, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी, आणि सगळ्या संध्याकाळच्या नकोत. सकाळची एक असूच दे, कारण नऊच्या आधी बऱ्याच पॅनेलवाल्यांच्या मीटिंग सुरू झालेल्या नसतात आणि तुमचाही दिवस मोडत नाही. राउंड 45 मिनिटांचा असेल तर तुमच्याकडे तास-सव्वा तास मोकळा हवा, कारण पॅनेल पाच-दहा मिनिटं उशिरा येतं आणि शेवटी तुमचे प्रश्नही असतात. तिने शेवटी जे पाठवलं ते असं:

"नमस्कार मॅडम, स्लॉटबद्दल धन्यवाद. माझं ऑफिस 10 ते 7 असल्यामुळे दिलेल्या तिन्ही वेळांना मी कामावर असेन. खालीलपैकी एखादी वेळ पॅनेलला जमेल का? बुधवार 10 सप्टेंबर, सकाळी 8:15 ते 9:30. गुरुवार 11 सप्टेंबर, रात्री 8 ते 9:15. शुक्रवार 12 सप्टेंबर, दुपारी 1 ते 2. सोमवारी संध्याकाळपर्यंत या तिन्ही वेळा मी मोकळ्या ठेवते. यातलं काही जमत नसेल तर फोन करा, दुपारी 1 ते 2 मध्ये मी नक्की उचलते."

इंग्रजीत लिहायचं असेल तरी क्रम हाच ठेवा. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं, कारण "पुढच्या बुधवारी" म्हटलं की दोघांच्या डोक्यात दोन वेगळे बुधवार असू शकतात. कारण एका वाक्यात पुरे. सध्याच्या कंपनीत रिलीज आहे, क्लायंट कोण आहे, मॅनेजर कसा आहे यातलं काही लिहू नका, ती माहिती बाहेर द्यायची नसते आणि त्याने वेळ जुळायला काहीच मदत होत नाही.

दुसरी चूक, वेळ दिली पण जागा बघितली नाही

लंच ब्रेकचा स्लॉट बरेच जण देतात. पण ऑफिसच्या दिवशी तुम्ही बसणार कुठे? बेसमेंट पार्किंगमध्ये गाडीत बसून व्हिडिओ कॉल घ्यायचा प्लॅन मी ऐकलाय आणि नेटवर्क गेल्यामुळे तो राउंड पुन्हा लावायला लागलेलाही मी बघितलाय. म्हणून तिने दुपारची वेळ फक्त शुक्रवारची दिली, घरून कामाच्या दिवसाची, आणि तीसुद्धा तिच्या जेवणाच्या सुट्टीत. सकाळची वेळ दिली कारण साडेनऊला निघून ती दहाला पोचते. गुरुवारी सातला सुटून ट्रॅफिकमधून घरी यायला पाऊण तास लागतो, म्हणून साडेसात नाही तर आठ.

आणि हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या मेलवरून. ऑफिसच्या मशीनवर इंटरव्ह्यूचं इन्व्हाइट उघडू नका, तिथे काय दिसतं आणि कोणाला दिसतं हे आपल्या हातात नसतं.

तिसरी चूक, नुसतं बटण दाबून मोकळं होणं

कधीकधी न विचारता थेट कॅलेंडर इन्व्हाइट येतं. तिथे घाईने नकार दाबला तर समोर फक्त नकार दिसतो, तुम्हाला इंटरव्ह्यूच द्यायचा नाही असा अर्थ निघू शकतो. गुगल कॅलेंडरमध्ये Propose a new time असा पर्याय असतो तो वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका, कारण त्यातून एकच वेळ सुचवता येते आणि इन्व्हाइट एखाद्या ऑटोमॅटिक खात्यावरून आलेलं असेल तर कोणी बघेलच असं नाही. एचआरला वेगळा मेल करायचाच. स्लॉट निवडायची लिंक आली आणि एकही वेळ बसत नसेल तर "आत्ता घेऊ, नंतर बदलू" म्हणून बुक करू नका, त्या क्षणी पॅनेलच्या दोन माणसांचा तास अडकतो.

चौथी, परदेशातलं पॅनेल असेल तर

नुसतं आयएसटी लिहू नका, आयर्लंडची वेळपण त्याच अक्षरांनी लिहितात. "भारतीय वेळ" असं पूर्ण लिहा आणि शेजारी त्यांची वेळ. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. तिकडे घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, त्यामुळे ऑक्टोबरअखेर ठरवलेला नोव्हेंबरचा इंटरव्ह्यू असेल तर तास पुन्हा मोजा.

पॅनेलला फक्त त्याच वेळा जमत असतील तर?

असंही होतं. मग मूळ तीन स्लॉटमधून दिवसाच्या कडेचा निवडा. मावसबहिणीच्या केसमध्ये बुधवारचे तीन सगळ्यात वाईट, दिवस मधोमध तुटतो. मंगळवारी साडेअकरा असेल तर पहिला हाफ सुट्टी, गुरुवारी साडेचार असेल तर दुसरा हाफ. आधी हाफ डे मंजूर करून घ्या आणि मगच स्लॉट कन्फर्म करा, उलटं केलं तर दोन्हीकडे अडकाल. सुट्टी घेतच असाल तर विचारा की दुसरा राउंडही त्याच दिवशी होईल का, पॅनेलला जमलं तर एक सुट्टी वाचते.

उत्तर त्याच दिवशी द्या. एक कामाचा दिवस गेला तरी त्यांच्याकडून काही नाही आलं तर दुसरा मेल लिहीत बसू नका, एक फोन करा. आणि तुम्ही दिलेल्या तीन वेळांपैकी एखादी दुसऱ्या कंपनीला गेली तर लगेच कळवा, हे मी कळकळीने सांगतेय, कारण पॅनेलला तयार करून झाल्यावर "ती वेळ आता नाही जमणार" असं आलं की आमच्यासारखीला त्याच माणसांकडे परत जाऊन वेळ मागावी लागते.

तिला शनिवारी सकाळीच उत्तर आलं, बुधवार साडेआठ. तिने "कन्फर्म, बुधवार 10, सकाळी 8:30, व्हिडिओ लिंकची वाट बघते" एवढं लिहिलं आणि उरलेल्या दोन वेळा आता मोकळ्या समजा असंही सांगितलं.