रिसेटनंतर टॅलीचा डेटा परत आणताना बिल नंबर सांभाळा

कॉम्प्युटर रिसेट झाल्यावर बरेच जण सांगतात, "नवी कंपनी उघडा, धंदा चालू ठेवा, जुना डेटा मागाहून टाकू." हे अजिबात ऐकू नका. नव्या कंपनीलाही टॅली बहुधा जुन्याच क्रमांकाचा फोल्डर देतं, आणि मग त्याच जागी बॅकअप रिस्टोअर केला की मधली सगळी बिलं पुसली जातात. गिऱ्हाईक थांबणार नसेल तर छापील बिलबुकातून 'M/1' अशी वेगळी मालिका सुरू करा. जीएसटीत ती चालते.

बॅकअप घेण्याआधीच रिसेट झाला असेल तर C: मध्ये Windows.old शोधा. जुना Data फोल्डर त्यात सापडू शकतो. विंडोज तो काही दिवसांनी आपोआप काढतं, तेव्हा आजच पेनड्राइव्हवर कॉपी करा.

टॅली टाका, लायसन्स चालू करा. बिल फक्त १, २ अशा ठरावीक तारखांचंच घेत असेल तर ते अजून एज्युकेशनल मोडमध्ये आहे. मग D: वर एक रिकामा फोल्डर करा आणि Alt+Y मधून Restore करताना बॅकअपमधला डेटा तिथेच उतरवा.

इथवर सोपं आहे. घोटाळा पुढे होतो. लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. बॅकअपमधलं शेवटचं बिल ४१२, पण रिसेटपर्यंत दुकानातून ४४७ पर्यंत बिलं गेलेली. रिस्टोअर झाल्यावर टॅली पुढचा नंबर ४१३ देणार. तो नव्या गिऱ्हाइकाला दिलात तर एकाच आर्थिक वर्षात एकाच नंबरची दोन बिलं होतील, आणि जीएसटी नियमात हे बसत नाही. व्यापारी गिऱ्हाइकाचं क्रेडिट अडकलं की तो तुमच्याच दारात येतो.

म्हणून आधी ती ३५ बिलं भरा. कार्बन कॉपी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले पीडीएफ, भरलेला जीएसटीआर-१, जे सापडेल त्यावरून. नंबरच्या क्रमानेच भरा आणि प्रत्येक वेळी पडद्यावरचा नंबर कागदाशी ताडा. रद्द केलेलं बिलही सोडू नका. समजा ४३१ रद्द होतं आणि तुम्ही ते गाळलंत, तर ४३२ चं बिल ४३१ होऊन बसेल आणि पुढची सगळी एकेकाने सरकतील. ते बिल भरून Alt+X ने रद्द करा, म्हणजे नंबर जागेवर राहतो. एखादा कागद सापडलाच नाही तर अंदाजाने रक्कम टाकू नका. त्या दिवसाच्या यूपीआयच्या जमा रकमा पाहा, गिऱ्हाइकाकडे प्रत मागा.

शेवटी त्या दिवसांची विक्री गल्ल्याच्या वहीशी आणि बँकेच्या जमेशी जुळवा. 'M' मालिकेची बिलं वेगळ्या व्हाउचर टाइपमध्ये भरा. मगच ४४८ नंबरचं बिल काढा आणि त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर नवा बॅकअप घ्या. जुन्या बॅकअपवर तो चढवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.