AB आणि BA वेगळे का येतात: पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

सांगलीत मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. तासगाव, जतकडून आलेल्या मुलांचाही मॅट्रिक्स गुणायला हात चांगला बसलेला असतो. AB आणि BA सारखे नसतात हेही पाठ असतं. पण का नसतात, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

कारण आकडेमोडीत शोधत बसू नका. मॅट्रिक्स ही एक कृती आहे: प्रतलातला बिंदू उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा. गुणाकार म्हणजे एका कृतीमागून दुसरी. आलेखाचा कागद घ्या आणि या दोन कृती करून बघा.

```
R = [0 -1]    M = [1  0]
    [1  0]        [0 -1]
```

R बिंदूला आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं ९० अंश फिरवतो. M त्याचं X-अक्षातलं प्रतिबिंब देतो. आता (2, 1) घ्या. आधी प्रतिबिंब घेतलं तर (2, -1), मग फिरवलं की (1, 2). उलट, आधी फिरवलं तर (-1, 2), आणि त्याचं प्रतिबिंब (-1, -2). बिंदू तोच, कृती त्याच, पण पोचलो आरंभबिंदूच्या दोन विरुद्ध बाजूंना.

यातली पहिली वाट RM, बरं का, MR नव्हे. बिंदू उजवीकडे लिहितो, म्हणून त्याला चिकटलेला मॅट्रिक्स आधी लागू होतो. इथं निम्मी मुलं उलटं लिहितात.

```
RM = [0 1]    MR = [ 0 -1]
     [1 0]         [-1  0]
```

RM हे y = x या रेषेतलं प्रतिबिंब, तर MR हे y = -x मधलं. दोन्हींचा डिटर्मिनंट -1 च. तो नेहमीच सारखा येतो, त्यामुळे डिटर्मिनंट जुळला म्हणून AB = BA असं ठरवू नका.

काही जोड्यांत क्रम बदलला तरी चालतं. एकाच बिंदूभोवती आधी ३० अंश फिरवा नाहीतर आधी ५०, एकूण ८० च. पण ही प्रतलातली सवलत आहे. तीन मितींत वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरवलं की क्रम पुन्हा आडवा येतो.

परीक्षेत मार्क जातात ते बहुतेक (A + B)² मध्ये. शाळेतली सवय 2AB लिहायला लावते, पण खरा विस्तार A² + AB + BA + B² असा आहे. आपल्या जोडीत RM आणि MR ची बेरीज शून्य, R² = -I आणि M² = I. म्हणजे (R + M)² पूर्ण शून्य! थेट करून पडताळा:

```
R + M = [1 -1]
        [1 -1]
```

याचा वर्ग केला की चारही जागी 0 येतो. 2RM धरून चाललेल्याच्या वहीत मात्र दोन जागी 2 उरतात.