हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली नव्हे: सोलर चार्जिंगमधल्या या चुका टाळा

दर हिवाळ्यात तोच फोन येतो. "नवी बॅटरी आहे, सोलर आहे, कंट्रोलरवर हिरवा दिवाही लागतो, पण रात्री नऊलाच अंधार." लोक बॅटरीला, पॅनलला, ढगांना शिव्या देतात. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या त्या कंट्रोलरची सेटिंग उघडून बघणारा मात्र मला अजून भेटायचा आहे.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण त्यातली अर्धी चूक माझी होती.

वरोऱ्याजवळचं एक शेतघर, मालक निवृत्त गुरुजी. १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि १६० वॅटचे दोन पॅनल. बॅटरीला चौदा महिने झाले होते. मी जानेवारीत गेलो तेव्हा गुरुजी दारातच म्हणाले, "हिरवा दिवा तं रोज लागते ना भाऊ, मग फुल कशी नाही?" झाकणं काढून हायड्रोमीटर घातला. सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, १.१९० च्या आसपास. भरलेल्या ट्यूब्युलरला १.२४० हवी. म्हणजे बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटीच होती.

इथे तीन टप्पे नीट कळायला हवेत. पहिला बल्क. यात पॅनल देईल तेवढा करंट बॅटरी घेते आणि व्होल्टेज सावकाश चढत जातं. ते १४.४ ला पोचलं की नवशिक्याला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात बॅटरी तेव्हा साधारण ऐंशी टक्केच भरलेली असते. पोत्यात धान्य भरताना शेवटचं धान्य पोतं हलवत हलवत बसवावं लागतं, तसं पुढचं काम ॲब्सॉर्प्शनचं. कंट्रोलर व्होल्टेज १४.४ वर धरून ठेवतो आणि बॅटरी घेत असलेला करंट हळूहळू उतरतो. तो पुरेसा उतरला की फ्लोट, म्हणजे १३.६ वर नुसती राखण. हिरवा दिवा बहुतेक कंट्रोलरांत फ्लोट सुरू झाला एवढंच सांगतो. तिथवर बॅटरी खरोखर भरून पोचली की मध्येच ढकलली गेली, हे त्या दिव्याला कुठून कळणार?

गुरुजींच्या कंट्रोलरमध्ये ॲब्सॉर्प्शनची वेळ होती तीस मिनिटं. काही कंपन्या याच टप्प्याला बूस्ट म्हणतात, त्यामुळे मेनूत सापडत नाही म्हणून सोडून देऊ नका. आधीच्या फिटरने "पाणी कमी उकळेल" म्हणून वेळ घटवली होती. मी दुपारी डीसी क्लॅम्प मीटर लावून तिथेच बसून राहिलो. एकच्या सुमाराला १४.४ आलं, दीड वाजता कंट्रोलर फ्लोटवर गेला. त्या क्षणी बॅटरी अजून ८ ॲम्पिअर घेत होती. माझा नियम असा, की करंट एएचच्या दोन टक्क्यांखाली, म्हणजे इथे ३ ॲम्पिअरच्या खाली आल्याशिवाय ती भरली असं म्हणायचं नाही. भुकेल्या माणसाच्या पुढचं ताट ओढून घ्यावं तसा प्रकार चालला होता. रोज राहिलेल्या त्या उणिवेतून प्लेटवर सल्फेट बसतं, आणि जुनं झालं की ते सहज सुटत नाही.

वेळ तीन तास केली. गुरुजींना आठवडाभर रात्रीचा वापर आवरायला सांगितला आणि दुपारी दोनच्या सुमाराला मिक्सर, पाण्याची मोटर लावू नका म्हणालो. पॅनलला न पेलणारा लोड मध्ये आला की व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर पुन्हा बल्कमध्ये जातो. आठ दिवसांनी पाच सेल १.२३५ पर्यंत आले, सहावा १.२२० वर अडला तो अडलाच. तरी दिवे पहाटेपर्यंत टिकू लागले आणि मी खुशीत घरी आलो.

मे महिन्यात गुरुजींचा फोन. "पाणी दर बारा दिवसांनी टाका लागते." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

बॅटरी होती अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये. दुपारी तीन वाजता खोक्याच्या बाजूचं तापमान ४४ अंश निघालं. कंट्रोलर मात्र आत, कूलरच्या खोलीत. तापमानाचा सेन्सर त्याच्या पोटातच, आणि स्क्रीनवर २८. जानेवारीत मी व्होल्टेज तपासलं, वेळ वाढवली, पण सेन्सर कुठे आहे हे बघितलंच नव्हतं.

आता हिशोब बघा. १४.४ हा आकडा २५ अंशांसाठी असतो. बॅटरी तापली की त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढते आणि जास्त पाणी फोडते, म्हणून दर अंशाला व्होल्टेज उतरवावं लागतं. सेटिंग होती उणे ४ मिलिव्होल्ट, पण हा आकडा एका सेलचा असतो. बॅटरीत सहा सेल, म्हणजे अंशाला २४ मिलिव्होल्ट. (सहाने गुणायला विसरणारे फिटर मी स्वतः पाहिलेत.) बॅटरी २५ च्या वर १९ अंश, म्हणजे साधारण ०.४६ व्होल्ट कमी करून १३.९४ द्यायला हवे होते. कंट्रोलर आपल्या थंडगार खोलीतल्या ३ अंशांचा हिशोब करून १४.३३ देत होता. त्यात तीन तासांची वेळ माझ्या कृपेने. आधीच्या फिटरच्या तीस मिनिटांनी बॅटरी उपाशी ठेवली, माझ्या तीन तासांनी ती उकळली.

पाणी सगळ्या सेलमध्ये सारखंच आटत होतं, त्यावरून ओव्हरचार्ज आहे हे पक्कं झालं. एकच सेल जास्त पीत असेल तर दोष त्या सेलचा समजा.

बाहेरचा सेन्सर मागवला. मी तो खोक्याच्या बाजूला, ॲसिडच्या मधल्या उंचीवर टेपने चिकटवतो आणि वर थर्माकोलचा तुकडा लावतो, म्हणजे तो हवेचं नव्हे, बॅटरीचं तापमान वाचतो. काही जण वायर हवेत लोंबकळत ठेवतात. बॅटरी सावकाश तापते आणि सावकाश निवते, हवा तासाभरात बदलते, त्यामुळे ते वाचन फसवं. बॅटरी मग उत्तरेच्या पडवीत हलवली. झोपायच्या खोलीत नाही, चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.

"उन्हाळ्यात सरळ १३.९ लावून टाकू" हा शॉर्टकट मला कोणी सुचवला की डोकं फिरतं. डिसेंबरच्या पहाटे ती बॅटरी १० अंशांवर असेल तेव्हा तिला १४.७६ हवेत. तुम्ही तेव्हा सेटिंग बदलायला विसरणार, मग पुन्हा तेच सल्फेट.

उरलेल्या चुका थोडक्यात. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग संपल्यावर टाका, आधी पूर्ण भरलं तर ॲसिड ओसंडतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी टाका. बारीक वायर वापरली तर कंट्रोलरला १४.४ दिसतात आणि बॅटरीला कमी मिळतात, म्हणून मीटर थेट टर्मिनलवर लावा. सील्ड बॅटरीला इक्वलाइझ, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने दिलेला चार्ज, कधीच देऊ नका. ग्रॅव्हिटीलाही तापमान लागतं: आपल्याकडे ती २७ अंशांवर मोजतात, ॲसिड १० अंश जास्त गरम असेल तर वाचनात ०.००७ मिळवा.

आणि सेन्सरची तार महिन्यातून एकदा बघा. पडवीत गुरुजींची तार उंदराने कुरतडली होती. कंट्रोलरने मुकाट्याने २५ अंश धरले आणि स्क्रीनवर काही चूक दाखवली नाही. तेव्हापासून मी सेन्सर मिनिटभर मुठीत धरतो. स्क्रीनवरचा आकडा हलला पाहिजे. नाही हलला तर तार तुटली आहे.