सुरमईची तुकडी शिजली हे कसं ओळखावं, आणि ती कोरडी, भुसभुशीत का होते

सुरमई महाग, आणि तव्यावर सगळ्यात जास्त वाया जाते तीही सुरमईच. आत कच्ची राहील या धास्तीने तुकडी दोन मिनिटं जास्त ठेवली जाते, आणि पानात येते तेव्हा घशाखाली उतरवायला सोलकढीचा घोट घ्यावा लागतो. बांगडा किंवा तारली थोडी जास्त भाजली तरी चालून जातं, कारण त्यांच्या अंगात तेल असतं. सुरमई त्या मानाने कमी तेलाची, आणि तुकडी बहुतेक सगळी घट्ट मांसाची. त्यामुळे कच्ची आणि कोरडी यांच्यामधला वेळ तिच्या बाबतीत फार थोडा असतो. तो वेळ कसा पकडायचा, ते इथे सांगते.

आधी आत काय घडतं ते पाहू, कारण ते कळलं की पुढच्या सगळ्या खुणा आपोआप समजतात.

माशाचं मांस आखूड धाग्यांच्या थरांचं बनलेलं असतं. शिजलेल्या तुकडीच्या ज्या पाकळ्या सुटतात, तेच हे थर. दोन थरांच्या मध्ये अगदी पातळ पडदा असतो. बकऱ्याच्या मटणातले असे पडदे आणि शिरा चिवट असतात, त्या मऊ पडायला तासभर शिजवावं लागतं. मासा पाण्यात तरंगतो, त्याला स्वतःचं वजन पायांवर पेलायचं नसतं, म्हणून त्याचे पडदे नाजूक. साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला ते विरघळायला लागतात आणि पाकळ्या एकमेकींपासून मोकळ्या होतात. त्याच सुमाराला, किंबहुना थोडं आधीच, धाग्यांमधलं एक प्रथिन गोठतं आणि काचेसारखं अर्धपारदर्शक मांस पांढरं, घट्ट दिसू लागतं. या टप्प्यावर मासा शिजलेला आणि रसाळ असतो.

तापमान ६० च्या पुढे गेलं की धाग्यांमधलं दुसरं प्रथिनही आखडू लागतं. धागे आवळतात आणि त्यांनी धरून ठेवलेलं पाणी पिळलेल्या कपड्यातून निघावं तसं बाहेर पडतं. ७० पर्यंत पोचेस्तोवर बरंचसं पाणी गेलेलं असतं. मटणात अशा वेळी विरघळलेल्या शिरांचा चिकट रस तोंडात ओलावा देतो. माशात तो रस मुळात थोडा, आणि तुकडीत फार वेळ टिकतही नाही. मागे उरतात ते सुटे, आखडलेले, कोरडे धागे. दाताखाली ते तुटतात पण रस सोडत नाहीत, आणि जिभेवर खडूच्या भुकटीसारखं वाटतं ते यामुळेच. एकदा निघून गेलेलं पाणी वरून लिंबू पिळून किंवा रस्सा ओतून परत आत जात नाही.

तुकडीच्या कडेने किंवा वर पांढरट, दह्याच्या कवडीसारखा थेंब साचलेला दिसतो ना, तो याच पाण्याबरोबर बाहेर आलेल्या प्रथिनाचा. दोन-चार थेंब दिसले तर काही बिघडलं नाही. पण ते भराभर यायला लागले तर आच फार आहे किंवा वेळ संपत आली आहे.

आता प्रत्यक्ष तव्याकडे.

जाडी. मासळीबाजारात तुकड्या करून घेताना सगळ्या एकसारख्या, साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या मागा, म्हणजे बोटाच्या जाडीएवढ्या. एक सेंटिमीटरची पातळ तुकडी बाहेरून कुरकुरीत होईपर्यंत आतून कोरडी झालेलीच असते. एकाच तव्यावर जाड-पातळ तुकड्या एकत्र असतील तर पातळ आधी काढायच्या. सगळ्या एकदम उलटून एकदम काढायचा हट्ट धरू नये.

मसाला. मीठ, हळद, तिखट, आलं-लसणाचं वाटण आणि कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटं पुरे. आंबट जास्त वेळ राहिलं तर आच न लावताच मांस वरून पांढरं आणि घट्ट होतं. आंबटाने प्रथिनं तशीच गोठतात, फक्त शिजत नाहीत. अशी तुकडी तव्यावर पडण्याआधीच शिजल्यासारखी दिसते आणि रंगावरून केलेला अंदाज फसतो. शिवाय ती लवकर कोरडी पडते. फ्रिजमधली तुकडी अर्धा तास आधी बाहेर काढून मसाला लावला की मधला भाग बर्फासारखा गार राहत नाही. उन्हाळ्यात मात्र त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

रवा. तांदळाचं पीठ मिसळलेला रवा तुकडीच्या दोन्ही सपाट बाजूंनाच दाबून लावा, कड मोकळी ठेवा. आपल्याकडे मासा हळद-तिखटात आणि रव्यात इतका झाकलेला असतो की 'पांढरा झाला की शिजला' ही खूण वरून दिसतच नाही. कड उघडी असली की तेवढी एक खिडकी उरते.

तवा. तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या, दोन-तीन चमचे तेल घाला, तुकडी ठेवली की चुरचुर आवाज आला पाहिजे. मग हलवू नका. आता कडेकडे बघा. कच्ची कड मसाल्यातूनही ओलसर, चकचकीत दिसते. खालून आच चढते तशी ती निस्तेज, घट्ट होत वर सरकते. हा निस्तेज पट्टा अर्ध्याच्या थोडा वर आला की उलटा. दोन सेंटिमीटरच्या तुकडीला याला साधारण चार मिनिटं लागतात. दुसऱ्या बाजूला तीन पुरतात, कारण अर्धी तुकडी आधीच गरम झालेली असते. दोन्ही बाजूंना मोजून सारखाच वेळ देण्याची सवय हे सुरमई कोरडी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण, असं माझं मत आहे.

काटा. हीच खरी परीक्षा. सुरमईच्या तुकडीत मधोमध मणक्याचा गोल काटा असतो. त्याला चिकटून असलेलं मांस सगळ्यात शेवटी शिजतं, तर पोटाकडची पातळ टोकं सगळ्यात आधी. म्हणून तुकडी कडेला मोडून बघण्यात अर्थ नाही. दुसरी बाजू दोन मिनिटं झाली की पातळ सुरीचं टोक काट्याला अगदी लागून घाला आणि हलकेच फाकवा. मांस काट्याला धरून बसलं असेल, आत गुलाबी-चकचकीत दिसत असेल किंवा काट्याशी लालसर रक्त ओलं असेल, तर अजून कच्ची आहे. मांस थोडासा विरोध करून काट्यापासून सुटत असेल आणि काट्याजवळचा अगदी बारीक भाग किंचित ओलसर दिसत असेल, तर गॅस बंद करायची हीच वेळ. काही न करता मांस आपणहून सुटून येत असेल, पाकळ्या कोरड्या आणि धारदार दिसत असतील, तर वेळ टळून गेली.

सुरी घालायची नसेल तर टूथपिक किंवा बारीक सळई सगळ्यात जाड भागात खुपसा. कच्च्या माशात ती थराथराला अडते, कारण मधले पडदे अजून शाबूत असतात. शिजलेल्या माशात अडखळत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, फार शिजलेल्या माशातही ती तशीच सहज जाते. म्हणजे ही खूण कच्चेपणा पकडते, कोरडेपणा नाही. म्हणून लवकर तपासायला सुरुवात करायची आणि दर अर्ध्या मिनिटाने बघायचं.

गॅस बंद केल्यावर तुकडी तव्यावर ठेवू नका. ताटात काढून दोन मिनिटं थांबा. बाहेरची उष्णता आत सरकते आणि मधलं तापमान आणखी दोन-तीन अंश चढतं. काट्याजवळचा तो ओलसरपणा याच दोन मिनिटांत जातो. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर टोक कडेतून आडवं, जाड भागात, काट्याला न लागू देता घाला. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत माशासाठी ६३ अंश सेल्सिअस सांगितलेत. आत ६० दिसले की काढायची, आणि ताटात ६३ झाले आहेत ना ते पुन्हा पाहायचं. घरात गरोदर बाई, लहान मूल, फार म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर तव्यावरच ६३ होऊ द्या. त्यांच्यासाठी किंचित कोरडी चालेल, कच्ची नको.

अख्ख्या पापलेटाला हीच रीत, फक्त जागा बदलते. दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत खाचा मारा, आणि डोक्यामागच्या सगळ्यात जाड खाचेत बघा. तिथलं मांस काट्यापर्यंत पांढरं दिसलं पाहिजे. पाठीवरचा पर ओढून सहज हातात आला तरी मासा झाला म्हणायचा.

कालवणातला मासा कोरडा होत नाही, असं अनेकांना वाटतं. रश्शात बुडालेला आहे ना! पण उकळता रस्सा १०० अंशांच्या आसपास असतो. त्यात धागे आखडतात आणि आतलं पाणी रश्शात निघून जातं, आजूबाजूला कितीही पाणी असो. म्हणून वाटण, चिंच किंवा आगळ आणि मीठ घालून रस्सा आधी पूर्ण तयार करा, चव बघा, मग तुकड्या सोडा. पुन्हा उकळीची चाहूल लागली की आच अगदी बारीक करा, नुसते बुडबुडे कडेने यावेत. दोन सेंटिमीटरच्या सुरमईला यानंतर चार-पाच मिनिटं. मग एक तुकडी काट्याशी तपासून गॅस बंद. डाव न घालता पातेलंच धरून गोल फिरवायचं, म्हणजे तुकड्या मोडत नाहीत. झाकण ठेवून पाच मिनिटांत वाढता येतं. पाहुणे उशिरा येणार असतील तर रस्सा तेवढा करून ठेवा आणि मासा ते आल्यावर टाका.

गोठवलेली सुरमई आधीच थोडं पाणी गमावून बसलेली असते. हळू गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते धागे फाडतात, आणि वितळताना डब्यात जे पाणी साचतं ते त्यातलंच. ती ताज्यापेक्षा लवकर कोरडी होणार, हे धरूनच तपासायला आधी सुरुवात करायची. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून पूर्ण वितळू द्या. मध्ये बर्फ असलेली तुकडी तव्यावर टाकली तर काट्याशी कच्ची आणि कडेला भुसभुशीत, अशी दोन्ही दुखणी एकाच तुकडीत सापडतात.

आणि एक गोष्ट शिजवण्याच्या हातातली नाही. सुरमई, बांगडा, कुपा हे मासे बराच वेळ बर्फाविना राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी असा त्रास त्याने होतो. ते उष्णतेने नष्ट होत नाही, मासा कितीही शिजवला तरी. वासावर संशय आला तर तो मासा टाकून द्यावा.

दुसऱ्या दिवशीचं कालवण गरम करताना तुकड्या आधी बाजूला काढून ठेवा. रस्सा एकटा खळखळून उकळा, आच बारीक करा, मग तुकड्या आत सोडून काट्यापर्यंत कडकडीत गरम होतील एवढाच वेळ ठेवा. पहिल्या दिवसाइतक्या त्या रसाळ राहणार नाहीत, पण रश्शासकट उकळलेल्या तुकड्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या लागतील. तळलेली तुकडी उरली तर पुन्हा तव्यावर भाजत बसू नका. काटे काढून, मांस कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत घाला आणि वरून ओलं खोबरं. तिथे कोरडेपणा खपून जातो.